डोस तोच, पातळी तिप्पट: फ्लुओक्सेटीननंतर सुरू केलेलं नॉरट्रिप्टिलीन

हे प्रकरण सत्रासाठी रचलेलं आहे. बाई, तारखा आणि तपासण्यांचे आकडे माझ्या हिशेबातून आले आहेत. पण इथे होणारी प्रत्येक चूक मी वॉर्डात होताना पाहिली आहे, आणि ती करणारे रेसिडेंट निष्काळजी नव्हते. त्यांनी पातळी मागवली होती, अहवाल वाचलाही होता. चूक त्या अहवालाचा अर्थ लावण्यात झाली. म्हणून आज यादी पाठ करायची नाही. एकाच बाईंच्या चौदा आठवड्यांचा हिशेब मांडायचा.

बाई ५८ वर्षांच्या. नैराश्याचा हा दुसरा झटका. पाच महिने फ्लुओक्सेटीन चालू होतं, त्यातले शेवटचे तीन महिने रोज ४० मिग्रॅ. मन थोडं सावरलं होतं, पण पहाटे तीनला जाग येणं, सकाळचा जडपणा आणि भूक नसणं कायम होतं. हृदयविकार नाही, रक्तदाबाची गोळी नाही, आणखी कुठलंच औषध चालू नाही. ईसीजी केला तेव्हा क्यूआरएस ८६ मिलिसेकंद होता. फ्लुओक्सेटीन बंद करून नॉरट्रिप्टिलीन द्यायचं ठरलं. निर्णय योग्यच होता. फ्लुओक्सेटीन ज्या दिवशी थांबलं त्याच रात्री नॉरट्रिप्टिलीन २५ मिग्रॅ सुरू झालं. तीन रात्रींनंतर ५० मिग्रॅ, त्यानंतर चार रात्रींनी ७५ मिग्रॅ करायचं, अशी नोंद झाली. फ्लुओक्सेटीन न घेणाऱ्या माणसासाठी ही वाढ थोडी घाईची असली तरी चालून जाते.

७५ मिग्रॅ करण्याआधी, आठव्या दिवशी सकाळी, शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त घेतलं. पातळी ११० नॅनोग्रॅम प्रति मिली आली. नॉरट्रिप्टिलीनचा स्वीकृत पट्टा ५० ते १५० आहे. रेसिडेंटने फाइलमध्ये लिहिलं: "पातळी पट्ट्यात, दुष्परिणाम नाहीत, ठरल्याप्रमाणे ७५." बाईंना तोंड कोरडं पडतंय असं वाटत होतं, पण ते या औषधात अपेक्षितच धरलं गेलं.

विसाव्या दिवशी मुलगा त्यांना घेऊन आला. "आई दोन दिवसांपासून असंबद्ध बोलतेय," तो म्हणाला. "रात्री कपाटाजवळ उभी राहून कुणाशी तरी बोलत होती. आणि काल सकाळपासून लघवीला जाऊन नुसतीच परत येते." बाई चादरीचे धागे ओढत होत्या. प्रश्न विचारला की अर्ध्या उत्तरातच त्यांचं लक्ष दुसरीकडे जायचं. नाडी ११४. आडवं असताना रक्तदाब १२८/७८, उभं केल्यावर १००/६४. बाहुल्या मोठ्या, जीभ कोरडी, काखा कोरड्या, आतड्यांचे आवाज जेमतेम, मूत्राशय फुगलेलं.

इथे दोन वाटा चुकू शकतात. पहिली म्हणजे याला नैराश्य चिघळलं, सायकोटिक लक्षणं जोडली गेली असं म्हणून अँटिसायकोटिक चढवणं. लक्ष टिकत नाही, रात्री जास्त बिघडतं आणि सुरुवात दोन दिवसांतली आहे, म्हणजे हा डिलिरियम आहे. त्याचं कारण शोधायचं असतं, गोळीने झाकायचं नसतं. दुसरी चुकीची वाट सेरोटोनिन सिंड्रोमची. फ्लुओक्सेटीन आणि ट्रायसायक्लिक हे दोन शब्द एकत्र ऐकले की हे निदान पटकन तोंडावर येतं. पण त्यात माणूस घामाने भिजलेला असतो, आतडी जोरात चालतात, घोट्याला क्लोनस मिळतो. या बाईंची त्वचा कोरडी होती, पोट शांत होतं, रिफ्लेक्स नेहमीचे होते, क्लोनस नव्हता. बाहुल्या आणि नाडी दोन्हीकडे सारखीच असते, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. काखेला हात लावला की ठरतं.

ईसीजीवर क्यूआरएस ११८ मिलिसेकंद झाला होता, आणि एव्हीआर लीडमध्ये शेवटची आर लहर उंचावली होती. हृदयातल्या सोडियम चॅनलवर ट्रायसायक्लिकचा दाब पडत असल्याची ही खूण. रक्त पाठवलं. पातळी २४८ आली.

रेसिडेंटचा पहिला प्रश्न होता, "सर, यांनी जास्त गोळ्या घेतल्या असतील का?" प्रश्न विचारायलाच हवा होता. नैराश्याच्या रुग्णात तो कधीही सोडू नये. पण मुलाने गोळ्यांची पट्टी आणली होती आणि मोजणी बरोबर जुळली. बाईंनी सांगितलं तितकंच घेतलं होतं.

मग पातळी कुठून आली? एन्झाइम अडवलं की पातळी वाढते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती किती काळात वाढते, हे ठाऊक नसतं, आणि या बाईंचं नुकसान तिथेच झालं.

नॉरट्रिप्टिलीन शरीरातून बाहेर पडतं ते मुख्यतः यकृतातल्या सीवायपी२डी६ या एन्झाइममार्फत. ते औषधाचं १०-हायड्रॉक्सी नॉरट्रिप्टिलीन करतं. इतर वाटा आहेत, पण अरुंद. फ्लुओक्सेटीन आणि त्यापासून शरीरात बनणारं नॉरफ्लुओक्सेटीन, दोन्ही या एन्झाइमला घट्ट चिकटतात. फ्लुओक्सेटीनसोबत दिल्यावर इमिप्रामिन आणि डेसिप्रामिनच्या पातळ्या दुपटीपासून दहापटीपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. आपल्या बाईंमध्ये विसाव्या दिवशी वाढ साधारण तिप्पट होती. असं म्हणता येतं, कारण एन्झाइम मोकळं असतं तर ७५ मिग्रॅवर त्यांची पातळी ९० च्या आसपास स्थिरावली असती. शेवटी ती तिथेच स्थिरावली, पण ते पुढे येईल.

आता एक हौद डोळ्यांसमोर आणा. वर नळ, खाली पाणी जायची मोरी. पाण्याची पातळी जितकी जास्त, तितकं मोरीतून जास्त पाणी जातं, आणि नळाचं येणं आणि मोरीचं जाणं सारखं झालं की पातळी थांबते. मोरी अरुंद करून एक तृतीयांशावर आणली, नळ तसाच ठेवला, तर पाणी तिप्पट उंचीवर जाऊन थांबेल. इतकं सगळे सांगतात. पण हौदाचा घेर तोच आहे आणि नळही तोच, त्यामुळे तिप्पट उंची गाठायला वेळही तिप्पट लागणार. फार्मकॉलॉजीच्या भाषेत, स्थिर पातळी म्हणजे रोजचा डोस भागिले क्लिअरन्स. हाफ-लाइफ म्हणजे ०.६९३ गुणिले औषधाचा व्याप भागिले क्लिअरन्स. क्लिअरन्स दोन्ही समीकरणांत खाली बसलेला आहे. तो कमी झाला की पातळी आणि हाफ-लाइफ एकाच प्रमाणात वाढतात.

नॉरट्रिप्टिलीनची हाफ-लाइफ साधारण ३० तास धरू. चार-पाच हाफ-लाइफनंतर पातळी स्थिर होते, म्हणजे पाच-सहा दिवसांत. डोस बदलून आठवड्याने पातळी बघण्याची सवय यातूनच आली आहे. क्लिअरन्स एक तृतीयांश झाला की हाफ-लाइफ ९० तास होते, म्हणजे पावणेचार दिवस. मग स्थिर व्हायला पंधरा ते एकोणीस दिवस हवेत. आठव्या दिवशी घेतलेली ११० ही पातळी चढणीवरची होती, आणि ती पठारावरची समजून वाचली गेली.

हिशेब करून पाहू. फळ्यावर मी हा रेसिडेंटकडूनच करून घेतो. तिप्पट अडथळा धरला तर २५ मिग्रॅची स्थिर पातळी ९०, ५० ची १८० आणि ७५ ची २७०. ९० तासांच्या हाफ-लाइफने दर दिवशी उरलेल्या अंतराचा साधारण सहावा भाग कापला जातो. तीन दिवस २५ मिग्रॅ दिल्यावर पातळी ३८ च्या आसपास येते. पुढचे चार दिवस ५० मिग्रॅ, की ती ११० वर पोहोचते. आता समजा कुणीच ७५ केलं नसतं. तरी ही ११० पुढे १८० कडे गेली असती, म्हणजे पट्ट्याबाहेर. प्रत्यक्षात ७५ झालं. चौदाव्या दिवशी २२५, विसाव्या दिवशी २५५ च्या जवळ. प्रयोगशाळेने २४८ दिलं. अशा ढोबळ हिशेबाला इतकी जुळणी पुरेशी आहे.

मात्र आठव्या दिवशीच्या त्या ११० मध्ये इशारा होता, आणि तो दिसण्यासाठी समीकरणाचीही गरज नव्हती. एन्झाइम मोकळं असताना या बाईंमध्ये १ मिग्रॅ रोज दिलं की सुमारे १.२ नॅनोग्रॅम पातळी मिळते. ५० मिग्रॅला ६० अपेक्षित. त्या सकाळी ५० मिग्रॅचे चारच डोस झाले होते, म्हणजे ती ६० सुद्धा पूर्ण गाठलेली नसायला हवी. तिथे ११० दिसली. पातळी पट्ट्यात आहे का, एवढंच विचारलं तर उत्तर "हो" येतं. या डोसला, इतक्या दिवसांत, ही पातळी अपेक्षित आहे का, असं विचारलं तर उत्तर "नाही, जवळजवळ दुप्पट आहे" असं येतं. ट्रायसायक्लिकच्या अहवालावर मी आता रेसिडेंटला पातळीशेजारी दोन गोष्टी लिहायला लावतो: सध्याचा डोस, आणि तो डोस सुरू होऊन किती रात्री झाल्या.

"पण सर, फ्लुओक्सेटीन तर वीस दिवसांपूर्वीच बंद झालं होतं," हा दुसरा प्रश्न. यात खरी गोम आहे.

दीर्घकाळ घेतल्यावर फ्लुओक्सेटीनची हाफ-लाइफ चार ते सहा दिवस असते आणि नॉरफ्लुओक्सेटीनची चार ते सोळा दिवस. इतकं पाठ असूनही माणूस चुकतो, कारण तो मनात म्हणतो, दहा दिवसांत निम्मं गेलं म्हणजे अडथळाही निम्मा झाला. तसं होत नाही. समजा गोळी थांबवण्याच्या दिवशी अडवणाऱ्या रेणूंचं प्रमाण एन्झाइम अर्धं अडवायला लागतं त्याच्या वीसपट होतं. तेव्हा एन्झाइमचा ९५ टक्के भाग अडलेला असतो. दहा दिवसांची हाफ-लाइफ धरली तर दहाव्या दिवशी ते प्रमाण दहापट उरतं. अडथळा तरीही ९१ टक्के. विसाव्या दिवशी पाचपट, अडथळा ८३ टक्के. म्हणजे बाई विषारी पातळीवर पोहोचल्या त्या दिवशी शरीरातलं औषध एक चतुर्थांश उरलं होतं, पण एन्झाइमचा पाचवा भागही मोकळा झालेला नव्हता. पहिले कितीतरी दिवस फक्त जादाचा साठा निघून जातो, एन्झाइमला हातही लागत नाही. चाळिसाव्या दिवशीही अडथळा ५६ टक्के असतो. साठाव्या दिवशी तो २४ वर येतो. उतार सुरुवातीला सपाट आणि मग घसरगुंडीसारखा असतो, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा. वीसपट हा आकडा समजण्यासाठी धरला आहे, कमी डोस घेणाऱ्यात तो कमी असेल आणि सुटका लवकर होईल.

याच जागी पॅरॉक्सेटीनची तुलना उपयोगी पडते. तेही सीवायपी२डी६ला तितक्याच जोरात अडवतं, पण चिकटून एन्झाइमचा रेणूच निकामी करतं. त्यामुळे सुटका यकृताने नवं एन्झाइम किती वेगाने बनवलं यावर ठरते. पॅरॉक्सेटीन स्वतः लवकर निघून जातं आणि नवं एन्झाइम काही दिवसांत भरून येतं, म्हणून पॅरॉक्सेटीनचा अडथळा फ्लुओक्सेटीनच्या मानाने खूप आधी सुटतो. यादीत दोघांपुढे "तीव्र अवरोधक" असंच लिहिलेलं असतं. स्विच करताना दोघांचं वेळापत्रक वेगळं असतं.

जनुकीय तपासणीचा विषयही निघालाच. बाईंची चाचणी केली असती तर नॉर्मल मेटाबोलायझर असाच अहवाल आला असता, आणि त्या दिवशी त्याचा काहीच उपयोग नव्हता. जनुकं नॉर्मल, पण एन्झाइम अडलेलं, म्हणून शरीर पुअर मेटाबोलायझरसारखं वागत होतं. उलट जन्मतःच ज्याला हे एन्झाइम नाही, त्याच्यात फ्लुओक्सेटीनमुळे नॉरट्रिप्टिलीनची पातळी फारशी वाढणार नाही. अडवायलाच तिथे काही नसतं. त्या माणसाची पातळी फ्लुओक्सेटीनशिवायही उंच असेल.

उपचारात काय केलं, ते थोडक्यात. नॉरट्रिप्टिलीन थांबवलं, भरती करून सतत ईसीजी मॉनिटर लावला, कॅथेटरने मूत्राशय मोकळं केलं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून दुरुस्त केलं. ट्रायसायक्लिकच्या एकदम घेतलेल्या मोठ्या डोसमध्ये क्यूआरएस १०० च्या पुढे गेला की फिट येण्याचा आणि १६० च्या पुढे गेला की व्हेंट्रिक्युलर अ‍ॅरिदमियाचा धोका वाढतो. हळूहळू साचलेल्या विषबाधेला ते आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण सावध राहायला ते पुरेसे आहेत. सोडियम बायकार्बोनेट खाटेशेजारी तयार ठेवलं. क्यूआरएस आणखी रुंद झाला, रक्तदाब कोसळला किंवा लय बिघडली तर लगेच द्यायचं होतं. वेळ आली नाही. रात्री बेचैनी वाढली तेव्हा ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी प्रोमेथाझिन लिहायला घेतलं होतं, ते थांबवलं. कोरड्या पडलेल्या शरीरात आणखी अँटिकोलिनर्जिक घालणं म्हणजे आहे त्या विषात भर घालणं. लोराझेपामच्या लहान डोसवर रात्र निघाली.

सल्ल्याला आलेल्या मेडिसिनच्या सहकाऱ्यांनी लिहिलं, ४८ तासांत घरी सोडता येईल. ३० तासांच्या हाफ-लाइफने ते बरोबर ठरलं असतं. इथे पातळी निम्मी व्हायलाच जवळजवळ चार दिवस लागणार होते. पाचव्या दिवशी ती १०२ आली. क्यूआरएस तिसऱ्या दिवशी १०४ आणि पाचव्या दिवशी ९० झाला होता. चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी मुलाला विचारलं, "मी इथे कधी आले?" तेव्हा डिलिरियम उतरल्याचं कळलं.

पंचविसाव्या दिवशी नॉरट्रिप्टिलीन २५ मिग्रॅवर परत सुरू केलं. औषध चुकलं नव्हतं, म्हणून ते सोडायचं कारण नव्हतं. त्या वेळच्या अडथळ्याला २५ मिग्रॅ म्हणजे ७० ते ८० पातळी. छत्तिसाव्या दिवशी ती ६८ होती. झोप पाच तासांची झाली, भूक लागू लागली. सगळे खूश होते, मीही. मग दुसरी चूक झाली, आणि ती आम्हा सगळ्यांची होती. पहिल्या चुकीने घाबरून आम्ही २५ वरच थांबलो आणि पुढची भेट महिन्याभराने दिली.

दहाव्या आठवड्यात बाई आल्या त्या परत पहाटेच्या जागरणासह. "गोळी एकही चुकवलेली नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. खरं होतं. पातळी ३४ आली. मधल्या पाच आठवड्यांत घसरगुंडीचा भाग येऊन गेला होता. एन्झाइम मोकळं झालं होतं आणि त्याच २५ मिग्रॅची पातळी निम्म्यावर आली होती. अडथळा बसताना पातळी चढते ती सगळ्यांना दिसते, कारण माणूस आजारी पडतो. अडथळा उठताना पातळी उतरते ती नैराश्य परतल्यासारखी दिसते, आणि मग एक चांगलं चाललेलं औषध "निष्प्रभ" म्हणून बंद केलं जातं.

पहिल्याच दिवसापासून हे कसं करायला हवं होतं? नैराश्याची तीव्रता बघून फ्लुओक्सेटीननंतर मधे काही आठवडे रिकामे सोडणं बहुतेकदा शक्य नसतं, आणि इथेही नव्हतं. नॉरट्रिप्टिलीन त्याच रात्री सुरू करायला हरकत नव्हती, पण १० मिग्रॅने. आठवड्याने २५, आणि तिथे थांबायचं. पातळी आणि ईसीजी तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी. मग दर दोन आठवड्यांनी पातळी, निदान दहाव्या आठवड्यापर्यंत, आणि ती खाली सरकेल तसा डोस वर. म्हणजे डोस वाढवण्याचं कारण लक्षणं नसून मोकळं होत जाणारं एन्झाइम असेल. आधी सर्ट्रालिन ५० मिग्रॅ किंवा एस्सिटालोप्रामसारखं सीवायपी२डी६ला सौम्यच अडवणारं औषध चालू असतं, तर इतकी काळजी लागली नसती. सर्ट्रालिनचा डोस १५० च्या वर असेल तर मात्र त्याच्याकडेही याच नजरेने बघावं. ड्युलोक्सेटीन मधल्या पायरीवर आहे. ब्युप्रोपियॉन तीव्र अवरोधकांत मोडतं, आणि ते एसएसआरआय नसल्यामुळे हमखास नजरेतून सुटतं.

फ्लुवोक्सामिनला सीवायपी२डी६ची यादी लावू नका. त्याचा जोर सीवायपी१ए२ आणि सीवायपी२सी१९वर आहे. त्यामुळे क्लोझापिन किंवा टिझानिडिन घेणाऱ्या माणसात ते धोक्याचं ठरतं, नॉरट्रिप्टिलीन घेणाऱ्यात फारसं नाही. त्यावर वेगळं सत्र घेऊ.

बाईंचा डोस दहाव्या आठवड्यात ५० केला. बाराव्या आठवड्यात पातळी ६२ आली, म्हणजे मोकळ्या एन्झाइमला अपेक्षित तेवढीच. झोप सुधारली पण सकाळचा जडपणा राहिला, म्हणून ७५. दोन आठवड्यांनी पातळी ९०, क्यूआरएस ८८, नाडी ८४. विसाव्या दिवशी ज्या डोसवर त्या कपाटाशी बोलत होत्या, तोच हा डोस. त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता लाल शाईत लिहिलेलं आहे: नॉरट्रिप्टिलीन ७५ मिग्रॅवर स्थिर पातळी ९०, फ्लुओक्सेटीन, पॅरॉक्सेटीन किंवा ब्युप्रोपियॉन जोडायचं झाल्यास आधी डोस २५ वर आणावा आणि पातळी तीन आठवड्यांनी बघावी.